"मी रोज नाई पेत जी" म्हणणाऱ्या पेशंटशी काय बोलायचं : ओपीडीतली पंधरा मिनिटं

आमच्या नागपूरच्या यूपीएचसीत, म्हणजे शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रात, दर काही महिन्यांनी नवीन इंटर्न येतात, नवीन सीएचओ म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर येतात, आणि दारूचा विषय निघाला की सगळ्यांच्या डोक्यात एकच माणूस असतो, सकाळी सकाळी वास मारत येणारा, हात थरथरणारा. त्याला ओळखायला फॉर्म लागत नाही, आणि त्याचा इलाज पण आपल्या ओपीडीत पूर्ण होत नाही. हे गाइड त्याच्यासाठी नाहीच. हे त्या माणसासाठी आहे जो बीपी चेक करायला येतो, कामावर जातो, घर चालवतो, आणि आठवड्यातून दोन-तीनदा एक पव्वा मारतो. स्वतःला तो बेवडा समजत नाही आणि खरंच नाहीये पण. पण बीपी, पोट, अपघात, घरातली भांडणं ह्या सगळ्याचा रस्ता त्याच्याकडूनच जातो, आणि पंधरा मिनिटांच्या बोलण्याचा सगळ्यात जास्त उपयोग ह्याच माणसाला होतो.

हा माणूस सुटतो कुठं ते आधी सांगते. आशाताई सीबॅक म्हणून आजारांचा धोका तपासायचा फॉर्म भरतात त्यात प्रश्न आहे की दारू रोज पिता का. आपला माणूस प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो, शून्य मार्क पडतात, विषय संपला. म्हणून फॉर्मवर शून्य दिसलं तरी आपण वेगळं विचारायचं.

विचारायचं कसं

सरळ "दारू पिता का?" असं टेबलावरून फेकलं की उत्तर "नाही" किंवा "कधी कधी" येतं, आणि मागे बायको उभी असली तर ती मध्येच "खोटं बोलून राह्यले, रोजच पेतात" म्हणते आणि मग ओपीडीतच भांडण सुरू. त्यामुळे बीपी घ्यायच्या निमित्ताने घरच्यांना पाच मिनिटं बाहेर बसवायचं, दार लोटायचं, आणि सुरुवात तंबाखू-सुपारीच्या खर्र्यापासून करायची. नागपुरात खर्र्याबद्दल कोणी लाजत नाही. "खर्रा किती होतात दिवसाला? बिडी-सिगरेट? आणि दारू, बिअर, देशी, काही घेता का? बीपीच्या सगळ्याच पेशंटला मी हे विचारते." शेवटचं वाक्य विसरू नका, कारण माणसाला वाटतं की माझ्या तोंडाचा वास आला म्हणून ही विचारून राह्यली.

"घेतो जी कधी कधी" असं आलं की मग ऑडिट, म्हणजे पिणं किती धोक्याचं आहे ते मोजायचा फॉर्म. नाव ऐकून एका पेशंटनं मला विचारलं होतं की मॅडम हे इन्कम टॅक्सवालं तर नाही ना, तेव्हापासून मी फक्त "दहा प्रश्न आहेत" म्हणते. हा फॉर्म जागतिक आरोग्य संघटनेचा, 1989 मध्ये पहिल्यांदा आला, 2001 मध्ये त्याच्या मॅन्युअलची दुसरी आवृत्ती आली, आणि खाली देते ते मार्क आणि झोन त्याच दुसऱ्या आवृत्तीतले आहेत. पहिले आठ प्रश्न गेल्या एका वर्षाबद्दल आहेत, शेवटचे दोन आजवरच्या आयुष्याबद्दल, प्रत्येकाला 0 ते 4 मार्क, एकूण 40.

पहिला प्रश्न, किती वेळा पिता. कधीच नाही 0, महिन्यातून एकदा किंवा कमी 1, महिन्यातून दोन ते चार वेळा 2, आठवड्यातून दोन-तीन वेळा 3, आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा 4. दुसरा, पिता त्या दिवशी किती ड्रिंक होतात. एक-दोन 0, तीन-चार 1, पाच-सहा 2, सात ते नऊ 3, दहा किंवा वर 4. तिसरा, एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात. इथून आठव्या प्रश्नापर्यंत मार्क सारखेच: कधीच नाही 0, महिन्यातून एकदापेक्षा कमी 1, दर महिन्याला 2, दर आठवड्याला 3, रोज किंवा जवळपास रोज 4.

चौथा, सुरू केल्यावर थांबता आलं नाही असं किती वेळा झालं. पाचवा, दारूमुळे ठरलेलं काम राहून गेलं असं किती वेळा. सहावा, आदल्या दिवशी खूप झाल्यावर सकाळी उठून आधी एक घोट लागला असं किती वेळा. सातवा, प्यायल्यावर मनाला खात राहिलं, पस्तावा झाला असं किती वेळा. आठवा, रात्री काय झालं ते सकाळी आठवलंच नाही असं किती वेळा. शेवटचे दोन वेगळे आहेत. नववा, तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कोणाला मार लागला का. दहावा, घरच्यांनी, मित्रानं, डॉक्टरनं कमी करा म्हटलं का किंवा काळजी दाखवली का. ह्या दोघांत नाही 0, हो पण गेल्या वर्षात नाही 2, हो आणि गेल्या वर्षातच 4. मधले मार्क नाहीत, नवीन पोरं इथं 1 किंवा 3 लिहून बसतात.

बेरीज 7 पर्यंत आली तर थोडी माहिती देऊन सोडायचं. 8 ते 15 झोन 2, इथं पाच मिनिटांचा साधा सल्ला पुरतो. 16 ते 19 झोन 3, इथं बसून बोलायचं आणि परत बोलवत राहायचं. 20 आणि वर झोन 4, त्याला स्पेशालिस्टकडे पाठवायचं. बाई असेल किंवा 65 च्या वरचा माणूस असेल तर मी 7 लाच सावध होते.

सगळा घोळ दुसऱ्या प्रश्नात होतो

फॉर्मवरची "ड्रिंक" म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडचा माणूस ग्रॅममध्ये पीत नाही, पव्व्यात पितो. हिशेब असा, मिलीला बाटलीवरच्या टक्क्यानं गुणा, 100 नं भागा, 0.8 नं गुणा, ग्रॅम आले. दहानं भागलं की ड्रिंक.

पव्वा म्हणजे 180 मिली. व्हिस्की, रम किंवा देशी, बाटलीवर बहुतेक 42.8 टक्के लिहिलेलं असतं, तर साधारण 62 ग्रॅम, म्हणजे सहा ड्रिंक. नव्वदी म्हणजे त्याच्या अर्धी, तीन ड्रिंक. 30 मिलीचा छोटा पेग एक ड्रिंक, पण आपल्याकडे पेग म्हटलं की लोक 60 चा लार्जच समजतात, तो दोन ड्रिंक. 650 मिलीची स्ट्राँग बिअर, 8 टक्केवाली, ती एकटीच चार ड्रिंक होते, आणि "मी तर फक्त बिअर पितो" म्हणणाऱ्याला हे सांगितलं की तो खरंच दचकतो. मोहाची असेल तर लेबलच नाही, किती स्ट्राँग आहे कोणालाच माहीत नाही, तिथं मी ग्लास किती मोठा ते विचारून अंदाज टाकते, शेऱ्यात "मोहाची" लिहून ठेवते आणि बाकीच्या प्रश्नांवर जास्त विश्वास ठेवते.

आता एक केस घेऊन पाहू. वय 41, कळमना मार्केटमधून माल घेऊन टेम्पो चालवतो, बीपी 152/96, पाच मिनिटं बसवून परत घेतला तरी तेवढाच. आठवड्यातून दोन-तीनदा पितो, म्हणजे पहिल्याला 3. किती? "एक पव्वा फक्त." आमच्या इंटर्ननं एक पव्वा ऐकलं आणि एक ड्रिंक समजून दुसऱ्याला 0 दिला, मग सहा ड्रिंक कधी होतच नाहीत असं धरून तिसऱ्याला पण 0. पुढं, थांबता न येणं वर्षात तीन-चारदा झालं, 1. सकाळची फेरी महिन्यातून एखाद्या वेळी बुडते, 2. सकाळी उठून घेणं कधीच नाही, 0. पस्तावा महिन्यातून एकदा होतो, पोरगी काही बोलली की, 2. न आठवणं वर्षात दोनदा, 1. मार कोणाला लागला नाही, 0. बायको गेल्या सहा महिन्यांपासून मागे लागली आहे, 4. बेरीज 13, झोन 2.

आता खरा हिशेब. पव्वा सहा ड्रिंक, दुसऱ्याला 2. म्हणजे बसला की दर वेळी सहा होतातच, आणि बसणं दर आठवड्याला आहे, तिसऱ्याला 3. बेरीज 18, झोन 3. माणूस तोच, उत्तरं तीच, पण एकात पाच मिनिटांत घरी गेला असता आणि दुसऱ्यात परत बोलवायला लागतो. (पव्व्यात तीन लार्ज पेग म्हणून तीन लिहिले असते तरी 14 च झाले असते, तेही चूकच.) म्हणून "किती पेग" विचारू नका, "कोणती बाटली, त्यातली किती, कोणासोबत वाटून" असं विचारा.

बोलायच्या आधी एक मिनिट थांबा

बेरीज काहीही येवो, "बंद करा" हा शब्द तोंडातून काढायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्याच. एक दिवस नाही घेतली तर हात थरथरतात का, घाम फुटतो का, झोप उडते का. कधी बंद केल्यावर झटका आला होता का. शेवटची कधी घेतली. ह्यातलं काही "हो" आलं, किंवा सकाळचा घोट लागतो असं निघालं, तर त्याच्यासाठी अचानक बंद करणं धोक्याचं आहे, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमिष्टासारखा होऊ शकतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ह्यात जीव जातो. त्याला "आजपासून बंद" असं सांगून घरी पाठवायचं नाही, मेडिकल किंवा मेयो ह्या सरकारी हॉस्पिटलांच्या मानसोपचार ओपीडीत नाहीतर प्रादेशिक मनोरुग्णालयात चिठ्ठी देऊन पाठवायचं, औषधाखाली सोडवतात. झटका आलेला असेल किंवा माणूस बरळत असेल तर ओपीडी वगैरे नाही, सरळ कॅज्युअल्टी. आणि गरोदर बाई असेल, लिव्हरचा आजार असेल, टीबीच्या गोळ्या चालू असतील, तर "कमी करा" हा ऑप्शन द्यायचाच नाही, तिथं पूर्ण बंदच.

आपल्या टेम्पोवाल्या भाऊंना ह्यातलं काही नव्हतं. चार-चार दिवस न घेता राहतात, काही होत नाही. म्हणजे बोलायला मोकळं.

बोलणं

माझ्या पहिल्या वर्षी मी अशा एकाला लिव्हरचा फोटो दाखवून दहा मिनिटं लेक्चर दिलं होतं, तो "हो मॅडम, बरोबर आहे मॅडम" करत राहिला आणि नंतर बीपीच्या गोळ्या घ्यायलाही परत आला नाही. दारू तर सुटली नाहीच, बीपीचा इलाज पण गेला. तेव्हा कळलं की ह्या बोलण्यात कारणं त्याच्या तोंडून यायला पाहिजेत, आपल्या नाही. खालचं बोलणं जसं झालं तसं, थोडं छाटून.

"भाऊ, तुमच्या उत्तरांवरून एक आकडा निघाला आहे, सांगू का?"

"सांगा ना जी."

"40 पैकी 18. आठ किंवा वर गेलं की तब्येतीला त्रास व्हायला लागतो असं धरतात. आणि एक पव्वा म्हणजे सहा ड्रिंक होतात, आठवड्याला तुमचे अठरापर्यंत जातात. काय वाटतं तुम्हाला?"

इथं गप्प बसायचं. खरंच गप्प. दहा सेकंद जड जातात, पण तोच बोलतो.

"अठरा? मले तर वाटे का मी काईच नाई पेत. आमच्याकडे लोक रोज पव्वा मारतात."

ह्यावर "म्हणजे तुम्ही पण तसेच व्हाल" असं म्हणायचा मोह होतो, म्हणू नका, तो बचाव करायला लागेल.

"म्हणजे त्यांच्यापेक्षा तुमचं कमी आहे. तुमच्यापुरतं पाहू. बीपी आज 152 आहे, आणि दारूनं बीपी वाढतो, गोळी चालू केली तरी नीट आटोक्यात येत नाही. कमी केली तर उतरायला मदत होते. आता करायचं की नाही ते तुम्हीच ठरवायचं, मी जबरदस्ती करणार नाही. 0 ते 10 मध्ये सांगा, कमी करणं तुम्हाला किती गरजेचं वाटतं?"

"पाच."

"पाच का म्हणता, दोन का नाही?"

हा प्रश्न उलटा वाटतो आणि नवीन माणूस हमखास "आठ का नाही?" असं विचारतो. आठ का नाही विचारलं की तो न सोडायची कारणं मोजायला लागतो, मजुरी किती जड आहे, मित्र काय म्हणतील. दोन का नाही विचारलं की कमी करायची कारणं त्याच्याच तोंडून निघतात.

"आता पाहा मॅडम, पोरगी दहावीत आहे. मी पिऊन आलो का ती पुस्तक घेऊन शेजारी जाते. बोलत नाई काई, पण जाते. अन सकाळची ट्रिप गेली का पैसे जातात."

"पोरगी पुस्तक घेऊन शेजारी जाते." फक्त त्याचंच वाक्य परत म्हणायचं. त्यात आपलं काही घालायचं नाही. तो थोडा वेळ खाली पाहत होता.

"आणि जमेल असं किती वाटतं, 0 ते 10?"

"तीन."

"तीनचे पाच व्हायला काय लागेल?"

"शनिवारी पेमेंट होते, तिथंच सगळे बसतात. शनिवार सोडला तर बाकी दिवस जमेल."

आता सल्ला, आणि तो पण विचारून. "माझं डॉक्टर म्हणून मत सांगू? तुमच्या बीपीला एक महिना पूर्ण बंद सगळ्यात चांगलं. ते नको वाटत असेल तर दुसरा रस्ता, पिता त्या दिवशी दोन ड्रिंकच्या वर नाही म्हणजे एक लार्ज, आणि आठवड्यातले जास्तीत जास्त दिवस कोरडे. आणि टेम्पो चालवायच्या आधी एक थेंब नाही, ह्यात ऑप्शन नाही. तुम्हाला काय जमेल?"

तो म्हणाला रवि ते शुक्र काही नाही, शनिवारी नव्वदी. नव्वदी म्हणजे तीन ड्रिंक, मी सांगितलं दोनपेक्षा एक जास्त होते, तो म्हणाला दुकानात त्याच्याहून छोटी मिळत नाही. मी मान्य केलं. अठरावरून तीनवर येणं आहे हे, आणि प्लॅन त्याचा आहे, म्हणून टिकायची शक्यता जास्त. मग बारीकसारीक ठरवलं, पव्वा घ्यायचाच नाही कारण घेतला की संपतोच, शनिवारी जेवून जायचं, रिकाम्या पोटी बसायचं नाही, टेम्पो मालकाच्या गोडाऊनला लावून मगच जायचं, आणि मित्रांनी ग्लास भरला तर म्हणायचं वाक्य: "बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरनं नाही सांगितलं." हे वाक्य त्यानं दोनदा म्हणून दाखवलं, हसत हसत, पण म्हणून दाखवलं.

कार्डावर काय लिहायचं आणि पुढं

"दारुडा", "व्यसनी" असलं काही लिहू नका, ते कार्ड घरात सगळे पाहतात. मी लिहिलं, "ऑडिट 18, झोन 3. पव्वा आठवड्यातून 3. सकाळचा घोट नाही, थरथर नाही, झटका नाही. ठरलं: रवि-शुक्र कोरडे, शनिवार 90 मिली. दोन आठवड्यांनी." आणि आशाताईंना फक्त "बीपी चेकला या म्हणून आठवण करा" एवढंच सांगायचं, कारण त्याच गल्लीत राहणाऱ्या आशाताईंनी दारातून "दारू कमी झाली का भाऊ?" विचारलं तर तो परत कधी येणार नाही. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 कार्डाच्या मागे लिहून दिला, तो फुकट आहे.

पुढच्या भेटीत अख्खं ऑडिट परत घेऊ नका, ते वर्षाचं विचारतं, दोन आठवड्यांत आकडा हलणारच नाही आणि माणूस निराश होईल. फक्त विचारायचं की गेल्या चौदा दिवसांत किती दिवस घेतली आणि कोणती बाटली.

भाऊ आले, बीपी 144/92. पहिल्या शनिवारी नव्वदी. दुसऱ्या शनिवारी कामठीला लग्न होतं, तिथं पव्वा झाला, हे सांगताना आवाज खाली गेला. मी लग्नाबद्दल काही बोलले नाही, विचारलं, "म्हणजे चौदापैकी बारा दिवस कोरडे. ते कसे जमवले?" तर तो दहा मिनिटं सांगत होता, संध्याकाळी घरी लवकर जातो, पोरगी आता घरीच अभ्यास करते, बुधवारी एक मित्र बोलवायला आला तर त्याला चहा पाजून पाठवला. मग आम्ही लग्नाचं पाहिलं. पुढच्या महिन्यात अजून दोन लग्नं आहेत, त्यातलं एक सासरकडचं. सासरच्या लग्नात त्यानं स्वतःच शून्य लिहायला सांगितलं, दुसऱ्याला नव्वदी, आणि सावजी जेवण झाल्याशिवाय बसायचं नाही. गोळी तीच ठेवली. पुढची तारीख चार आठवड्यांनी, दोन्ही लग्नं झाल्यावरची.